धूर नाही, गळती नाही, तरी ऑइल कुठे जातं?

दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये कधीतरी डिपस्टिक काढावी आणि ऑइलची रेघ खालच्या खुणेला टेकलेली दिसावी, हा अनुभव जुनी गाडी चालवणाऱ्या बऱ्याच जणांना आहे. मग पहिलं काम सगळे एकच करतात, गाडीखाली वाकून बघतात. जमिनीवर डाग नसतो. मग कुणाला तरी ॲक्सिलरेटर दाबायला सांगून सायलेन्सरकडे बघतात. निळा धूर नसतो. गॅरेजमध्ये कम्प्रेशन टेस्ट होते, तीही चांगली येते. आता तर्क असा धावतो: गळत नाही, जळत नाही, रिंगा ठीक आहेत, मग बहुतेक व्हॉल्व्ह सील. किंवा मागच्या वेळी ऑइल कमी भरलं असेल.

या तर्कातल्या दोन पायऱ्या कच्च्या आहेत. धूर दिसत नाही म्हणून ऑइल जळत नाही असं ठरत नाही, आणि कम्प्रेशन चांगलं आहे म्हणून रिंगा निर्दोष ठरत नाहीत. दोन्ही ठिकाणी आपण एक गोष्ट मोजतो आणि दुसरीबद्दल निष्कर्ष काढतो. संशोधनात उतरू पाहणाऱ्यांनी हा विषय जरा खोलात बघावा असं मला वाटतं ते याचसाठी. शिवाय यातलं बरंचसं गणित पाठकोऱ्या कागदावर होतं.

धूर का दिसत नाही

१.२ लिटरचं, चार सिलिंडरचं साधं पेट्रोल इंजिन घेऊ. गाडी १ लिटरमध्ये १५ किमी जाते आणि १००० किमीला ३०० मिली ऑइल खाते असं समजा. म्हणजे १०,००० किमीच्या दोन ऑइल बदलांमध्ये ३ लिटर. संपूर्ण इंजिनात साडेतीन लिटर मावतं, तेव्हा मधे टॉप-अप केलं नाही तर इंजिन कोरडं पडण्याची वेळ येईल. हे प्रमाण किरकोळ नाही.

आता हेच एका किलोमीटरवर आणू. ऑइल जातं ०.३ मिली आणि पेट्रोल जळतं साधारण ६७ मिली. म्हणजे पेट्रोलच्या तुलनेत ऑइल अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटर आठवतात का? त्यांच्या टाकीत लिटरमागे २० मिली टू-टी ऑइल घालायचे, म्हणजे २ टक्के. ते मुद्दाम जाळायलाच घातलेलं असायचं, जळतही नीट नसायचं, आणि मागे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसायचा. तरी सूर बसलेली, गरम झालेली स्कूटर सपाट रस्त्यावर पातळसाच धूर सोडायची. आपली गाडी त्याच्या चौथ्या हिश्श्याहून कमी ऑइल जाळते आहे, जास्त गरम आणि स्वच्छ ज्वलनात, आणि जे उरतं त्यातलं बरंचसं कन्व्हर्टरमध्ये जळून जातं. मग धूर दिसणार कसा?

धूर दिसतो तो ऑइल कुठेतरी साचून एकदम आत गेलं तर. दिवसाला सारखं झिरपत राहिलं तर डोळ्याला काही कळत नाही. म्हणून धूर हे ऑइल किती जातं याचं माप नाही. ते कसं जातं याची फार तर एक खूण आहे. कन्व्हर्टरला मात्र हे सगळं कळत असतं. ऑइलमधल्या झीजरोधक रसायनात फॉस्फरस असतो, तो त्याच्या आतल्या थरावर बसत जातो आणि त्याची ताकद कमी करतो. ‘धूर नाही ना, मग चालू दे’ याची किंमत तिथे मोजावी लागते.

एक मायक्रॉन म्हणजे किती

पिस्टन खाली जातो तेव्हा सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर मागे राहतो. तो राहायलाच हवा, नाहीतर रिंगा भिंत खातील. समजा हा थर १ मायक्रॉन जाडीचा आहे. सिलिंडरचा व्यास ७३ मिमी आणि स्ट्रोक ७२ मिमी धरला तर भिंतीचं क्षेत्रफळ साधारण १६,५०० चौरस मिमी भरतं, आणि त्यावरचं ऑइल ०.०१६५ मिली.

वरच्या गिअरमध्ये ताशी ६० किमी वेगाला इंजिन मिनिटाला २००० फेरे घेतं असं धरू. म्हणजे किलोमीटरला २००० फेरे, प्रत्येक सिलिंडरमध्ये १००० ज्वलनं, चार सिलिंडरची मिळून ४०००. दर ज्वलनात हा १ मायक्रॉनचा थर पूर्ण जळला असता तर किलोमीटरला ६६ मिली ऑइल गेलं असतं. म्हणजे पेट्रोलइतकंच! प्रत्यक्षात जातं ०.३ मिली. याचा अर्थ, आपल्या ‘ऑइल खाणाऱ्या’ इंजिनातही दर फेरीत थराचा जेमतेम अर्धा टक्का भाग हरवतो. सरासरी जाडीत सांगायचं तर ४-५ नॅनोमीटर. (हा फक्त सरासरीचा आकडा. थर सगळीकडून सारखा सोलला जातो असं नाही. ऑइल जातं ते रिंगच्या तोंडातल्या फटीतून, खोबणीतून, जिथे सिलिंडर किंचित लंबगोल झालाय तिथून.)

हे गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हा माझा या प्रश्नाकडे बघण्याचा रोखच बदलला. रिंग ‘खराब’ होण्यासाठी मोठं काही बिघडावं लागत नाही. भिंतीवर मागे राहणारा थर थोडासा जाड झाला तरी खप कित्येक पटीने वाढू शकतो. आणि हा थर किती जाड राहील हे ठरवते ती सगळ्यात खालची रिंग, जिचं नाव गॅरेजमध्ये फारसं निघत नाही.

तिसरी रिंग

पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन कम्प्रेशन रिंगा. ज्वलनाच्या वेळी वायू रिंगच्या मागच्या जागेत शिरतो आणि तिला भिंतीवर दाबून धरतो. म्हणजे जितकं काम जास्त तितका दाब जास्त, ही रिंग वायूच्या जोरावर सील होते. तिची स्वतःची स्प्रिंगसारखी ताकद थोडी कमी झाली तरी बराच काळ चालून जातं.

तिसरी ऑइल रिंग. आजकाल ती बहुधा तीन तुकड्यांची असते: दोन बारीक पोलादी पट्ट्या आणि त्यांना बाहेर ढकलणारी नागमोडी स्प्रिंग. तिच्यापर्यंत वायूचा दाब पोचत नाही. तिला जो काही जोर आहे तो त्या स्प्रिंगचा. ती भिंतीवरचं ऑइल खरवडते आणि खोबणीत असलेल्या छोट्या छिद्रांतून पिस्टनच्या आत, तिथून खाली चेंबरमध्ये पाठवते.

ही व्यवस्था दोन तऱ्हांनी बिघडते. एक म्हणजे खरीखुरी झीज. पट्टीची कड घासून रुंद होते, स्प्रिंगचा जोर थोडा उतरतो. कमी झालेला जोर जास्त रुंदीवर वाटला गेला की दाब घसरतो आणि थर जाड राहतो. दुसरी तऱ्हा म्हणजे कार्बन. ऑइल खोबणीत तापून काळ्या डिंकासारखं घट्ट होतं, छिद्रं बुजतात, पट्ट्या जागच्या जागी चिकटतात. मग रिंग शाबूत असूनही तिला हलता येत नाही, आणि खरवडलेल्या ऑइलला परत जायला वाटही उरत नाही. मायलेजसाठी रिंगांचा ताण मुद्दाम कमी ठेवायची पद्धत आहे. घर्षण वाचतं हे खरं, पण ताण आधीच बेताचा असला की थोडा कार्बनही भारी पडतो.

आता कम्प्रेशन टेस्टकडे परत या. ती काय मोजते? वरच्या दोन रिंगा आणि व्हॉल्व्ह वायू किती धरून ठेवतात ते. कम्प्रेशन कमी निघालं तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह, असा त्याचा अर्थ लावतात. लीक-डाउन टेस्टमध्ये हवा भरून किती टक्के निसटते ते बघतात. दोन्ही चाचण्या चांगल्या आहेत, पण तिसऱ्या रिंगबद्दल त्या काहीच बोलत नाहीत. ऑइल रिंग पार चिकटलेली असली तरी कम्प्रेशन नव्यासारखं येऊ शकतं. उलट भिंतीवर ऑइल जास्त असल्याने आकडा जरा बराच दिसेल.

व्हॉल्व्ह सीलची बाजू

व्हॉल्व्हची काठी एका गाइडमध्ये वरखाली होते. मधली फट काही शतांश मिलिमीटरची. वर हेडमध्ये ऑइल उडत असतं, ते या फटीतून खाली उतरू नये म्हणून काठीभोवती रबराची छोटी टोपी बसवतात, तेच सील. ते पूर्ण बंद नसतं. गाइडला वंगण मिळावं इतकं थोडं ऑइल ते मुद्दाम सोडतं. वर्षानुवर्षं उष्णतेत राहून रबर कडक झालं, किंवा गाइड झिजून काठी डुलायला लागली, की हा हिशोब बिघडतो.

इनटेकच्या बाजूला ऑइल नुसतं उतरत नाही, ओढलं जातं. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल बंद असताना मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत खाली येतो. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये आहे, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला आहे, अशी स्थिती पाच-दहा मिनिटं राहिली की ऑइल साचतं आणि खाली पोचून ॲक्सिलरेटर दिला की निळा झोत निघतो. रात्रभर उभ्या गाडीचा सकाळचा पहिला झोतही याच जातीचा.

‘उताराला धूर म्हणजे सील, चढाला धूर म्हणजे रिंग’ हा गॅरेजमधला नियम इथूनच आला. नियम उपयोगी आहे, पण पक्का नाही. थ्रॉटल बंद असताना ती ओढ फक्त मॅनिफोल्डमध्ये नसते, इनटेक स्ट्रोकमध्ये सिलिंडरमध्येही असते, आणि कमजोर ऑइल रिंगच्या बाजूनेही ऑइल वर खेचलं जातं. म्हणजे उताराचा धूर दोघांकडेही बोट दाखवतो.

मोजायचं कसं

माझ्या मामांची गाडी वर घेतली तशीच, १.२ लिटर पेट्रोल, १,१८,००० किमी चाललेली. कामासाठी कराड-चिपळूण नेहमीचं, म्हणजे कुंभार्ली घाट पाठ. ऑइल कमी होत होतं, डाग-धूर काही नाही. एका ठिकाणी ‘इंजिन खोलावं लागेल’ सांगितलं, दुसऱ्या ठिकाणी ‘काही नाही, टॉप-अप करत राहा’. मामांचा प्रश्न सरळ होता: “तू यातच शिकतोयस ना? मग खोलू की नको ते सांग.”

डिपस्टिकवर हे ठरवता येत नाही. दोन खुणांमध्ये साधारण १ लिटर आणि अंतर २० मिमी धरलं, तर १ मिमी म्हणजे ५० मिली. गाडी जरा उतारावर उभी असली की तेवढा फरक सहज पडतो. शिवाय ऑइल तापलं की फुगतं, अंशाला सुमारे ०.०७ टक्के. साडेतीन लिटर ऑइल ६० अंशांनी तापलं तर जवळपास दीडशे मिली जास्त दिसतं. एकदा गरम आणि एकदा थंड बघितलं की आकडा गेला वाया. आणि शहरात छोट्या फेऱ्या असतील तर न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये मिसळतं, पातळी तेवढी वर दिसते आणि खप झाकला जातो.

म्हणून आम्ही वजन केलं. इंजिन गरम करून, सपाट जागी, ठरवून ३० मिनिटं ऑइल निथळू दिलं. ३००० ग्रॅम नवं ऑइल तोलून भरलं, फिल्टर तोच ठेवला. २००० किमी, बहुतेक लांबच्या फेऱ्या. मग त्याच जागी, तसंच गरम, तीच ३० मिनिटं निथळवून पुन्हा तोललं. इंजिनात चिकटून राहणारं ऑइल दोन्ही वेळी जवळपास सारखंच राहतं, त्यामुळे वजाबाकीत ते निघून जातं. ही पद्धत किती भरवशाची हे कळायला एकदा ऑइल काढून, परत ओतून, परत काढलं. फरक २५ ग्रॅमच्या आत होता.

पहिल्या फेरीत ५१० ग्रॅम घटलं. घनता ०.८५ धरून ६०० मिली, म्हणजे १००० किमीला ०.३० लिटर. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत अर्ध्या लिटरपर्यंत ‘चालतं’ असं छापलेलं असतं. अमेरिकेत टोयोटाने २.४ लिटरच्या काही इंजिनांसाठी वॉरंटी वाढवली होती, तिथेही पिस्टन-रिंगा बदलून मिळण्याची अट १२०० मैलांत एक क्वार्टहून जास्त खप, म्हणजे आपल्या भाषेत १००० किमीला सुमारे अर्धा लिटर, अशी होती. मामांची गाडी त्याच्या आत बसते. पण ‘अटीत बसते’ आणि ‘निरोगी आहे’ यात फरक आहे.

क्रँककेसची वाफ इनटेकमध्ये नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह आधी बदलला, कारण तो स्वस्त आहे आणि अडकला तर तोच ऑइल ओढतो. त्याने फरक पडला नाही. कम्प्रेशन चारही सिलिंडरना १२ बारच्या वर. फोरमन म्हणाले, “रिंगा चांगल्या आहेत, कम्प्रेशनच सांगतंय की. सील टाकून बघू.” त्यांचा क्रम मला योग्यच वाटला. सील बदलायला हेड उतरवावं लागत नाही, प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरून ठेवतात आणि स्प्रिंग काढून काम होतं. निघालेली सीलं पाहून सगळ्यांची खात्री पटली. रबर इतकं कडक की नखाने दबेना.

पुन्हा २००० किमी, पुन्हा तोललं. घट ४४२ ग्रॅम, म्हणजे ०.२६. दोन्ही मोजमापांची चूक धरली तर फरक ०.०४, कमी-जास्त ०.०२. सीलमधून थोडं जात होतं हे खरं, पण बहुतेक ऑइल दुसरीकडून जात होतं. नुसतं कडक झालेलं रबर बघून थांबलो असतो तर दुखणं सापडलं असंच वाटलं असतं. एखादा भाग खराब निघाला म्हणजे खपातला त्याचा वाटाही मोठा असं होत नाही, आणि तो वाटा फक्त आधी-नंतर मोजूनच कळतो.

मग प्लगच्या भोकातून बोअरस्कोप घातला. पिस्टनच्या माथ्यावर सहसा सगळीकडे सारखा काळा थर असतो. इथे तीन पिस्टनची कड धुतल्यासारखी स्वच्छ होती, मधे तेवढं काळं. कडेने वर येणारं ऑइल तिथला कार्बन धूत राहतं, त्याची ही खूण. ती बघून मामांनी इंजिन खोलायला होकार दिला.

आत वरच्या दोन्ही रिंगा खोबणीत मोकळ्या फिरत होत्या. त्याच तीन पिस्टनवरच्या ऑइल रिंगा मात्र चिकटलेल्या, छिद्रांत टाचणीही जाईना. सिलिंडरचा व्यास मर्यादेत होता आणि भिंतीवर होनिंगच्या तिरप्या रेषा अजून दिसत होत्या. म्हणजे झीज थोडी, कार्बन फार. ऑइल बदल अनेकदा १५,००० किमीपर्यंत लांबवला होता, त्याचा यात हात असणार. खोबणी आणि छिद्रं साफ करून, हलकं होनिंग करून नव्या रिंगा बसवल्या. बोअर मोठं करायची गरज पडली नाही, त्यामुळे खर्च ऐकलेल्या आकड्यापेक्षा बराच खाली आला. रिंगा बसेपर्यंतचे पहिले १५०० किमी मोजमाप केलं नाही. त्यानंतरच्या २००० किमीत घट ८५ ग्रॅम, म्हणजे ०.०५.

प्रयोगशाळेत हेच

वजनाच्या पद्धतीची अडचण अशी की ती २००० किमीची सरासरी देते. घाट उतरताना किती गेलं आणि हायवेला किती, हे ती सांगत नाही. त्यासाठी गंधकाचा माग काढतात. ऑइलमध्ये गंधक असतं, ते जळून सल्फर डायऑक्साइड होतं, आणि एक्झॉस्टमध्ये त्याचं प्रमाण सेकंदा-सेकंदाला मोजता येतं. पण इथेही एक खाच आहे. ऑइलमध्ये ०.३ टक्के गंधक आणि खप आपल्या उदाहरणाइतका धरला, तर ऑइलकडून येणारं गंधक पेट्रोलच्या वजनाच्या हिशोबात साधारण १५ पीपीएम भरतं. बीएस-६ पेट्रोलमध्ये १० पीपीएमपर्यंत गंधक चालतं. म्हणजे जे मोजायचंय ते आणि पार्श्वभूमी जवळपास सारख्याच मापाची. शिवाय निरोगी इंजिनात हाच सिग्नल पाच-सहा पटीने लहान होतो आणि पेट्रोलच्या गंधकात बुडून जातो. म्हणून अशा प्रयोगांना जवळजवळ गंधकमुक्त इंधन लागतं, आणि कन्व्हर्टर गंधक धरून ठेवतो व नंतर सोडतो म्हणून नमुना त्याच्या आधीच घ्यावा लागतो. एवढं करूनही एक प्रश्न उरतोच. ते गंधक रिंगेकडून आलं की सीलकडून, हे एक्झॉस्टमधला रेणू सांगत नाही. त्यासाठी एका वाटेचं ऑइल मुद्दाम बंद करून पुन्हा मोजावं लागतं, फोरमननी सील बदलून केलं तसंच.